'पोटाचं ऑपरेशन', एवढंच?

भूम तालुक्यातल्या एखाद्या सज्जाची तलाठी डोळ्यांसमोर आणू. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात अजून तलाठी मॅडमच म्हणतात. तिच्या गर्भाशयात गाठी आहेत, वर्षभर रक्तस्राव होतो आहे, हिमोग्लोबिन खाली गेलं आहे आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी गर्भाशय काढून टाकायचा सल्ला दिला आहे. पोट उघडून होणाऱ्या या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, दुचाकी त्यानंतरही काही दिवस चालवायची नाही, चिखलातून शेतं तुडवत फिरायचं तर मुळीच नाही. महिना सप्टेंबरचा आहे, अतिवृष्टी झाली आहे, पंचनामे चालू आहेत. अशा वेळी तिला मंडळ अधिकाऱ्यांना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सर्कल साहेबांना, कळवायचं आहे की मी पंचेचाळीस दिवस नसेन. फोन हातात घेतल्यावर तिच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो हाच. सगळं सांगायचं, की 'पोटाचं ऑपरेशन आहे' एवढ्यावर थांबायचं? ही तलाठी कल्पनेतली आहे, सर्कलही कल्पनेतले आहेत. पण हा प्रश्न या जिल्ह्यातल्या किती तरी कचेऱ्यांत, शाळांत आणि बँकांत रोज कुणाला तरी पडत असणार, म्हणून या दोघांना समोरासमोर बसवून तो नीट तपासायला हवा.

माझं म्हणणं आधी मांडतो. किती सांगायचं हे लाजेवर ठरू नये, वरिष्ठाच्या कुतूहलावर ठरू नये आणि 'आपण खरं बोलणारी माणसं' या अभिमानावरही ठरू नये. सांगण्याआधी एकच विचारावं: या तपशिलाने समोरच्याचा कोणता निर्णय बदलणार आहे? जो तपशील निर्णय बदलतो तो सांगणं कर्तव्य आहे, आणि जो बदलत नाही तो सांगणं न सांगणं ही पूर्णपणे आजारी माणसाची मर्जी आहे. सर्कलपुढचे निर्णय मोजके आहेत. सज्जाचा अतिरिक्त कार्यभार कुणाकडे द्यायचा, किती दिवसांसाठी द्यायचा, अर्धवट राहिलेले पंचनामे आणि फेरफार कुणी पुरे करायचे, बाई परत आल्यावर पहिले काही दिवस त्यांना बसून करायचं काम देता येईल का. या प्रत्येकाचं उत्तर 'पोटाची मोठी शस्त्रक्रिया, पंचेचाळीस दिवस, नंतर महिनाभर दुचाकी नाही' एवढ्यावरून देता येतं. शस्त्रक्रियेत नेमका कोणता अवयव काढला हे कळल्याने यातलं एकही उत्तर बदलत नाही.

ही कसोटी मी हवेतून आणलेली नाही. ज्या रजा नियमांनी तिची रजा मंजूर होणार आहे, त्या महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 च्या रचनेतच ती आहे. किरकोळ रजा वर्षाला 8 दिवस मिळते आणि तिच्या अर्जावर 'घरगुती कामानिमित्त' एवढं लिहिलं तरी कुणी खोदून विचारत नाही, कारण एका दिवसाच्या गैरहजेरीत ठरवण्यासारखं फारसं काही नसतं. परिवर्तित रजेची गोष्ट वेगळी. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस खात्यावर जमा होते. पूर्ण पगारावर पंचेचाळीस दिवस घ्यायचे तर त्या खात्यातून दुप्पट, म्हणजे 90 दिवस वजा होतात. साडेचार वर्षांची साठवण एका आजारपणात जाते. एवढा मोठा हक्क वापरायचा तर कार्यालय वैद्यकीय प्रमाणपत्र मागतं आणि त्यात आजाराचं स्वरूप व संभाव्य कालावधी शक्य तितका स्पष्ट असावा अशी अपेक्षा धरतं. आणखी एक पायरी आहे. क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग आणि पक्षाघात यांच्यासाठी नियमांत स्वतंत्र रजा आहे, आणि ती हवी असेल तर आजाराचं नाव सांगण्याला पर्याय नाही, कारण तिथे नावावरच निर्णय अवलंबून आहे. म्हणजे मागणं जितकं मोठं आणि विशिष्ट, तितका तपशील अधिक. आणि प्रमाणपत्रात मागितलं आहे ते 'स्वरूप'. 'पोटाची मोठी शस्त्रक्रिया व त्यानंतरची विश्रांती' हे स्वरूपच झालं. डॉक्टरांना तसं लिहिण्याची विनंती करण्यात काहीच गैर नाही.

इथे सर्कल बोलतील, आणि त्यांचा पहिला आक्षेप हलका नाही. "मॅडम, अर्धं सांगणं म्हणजे खोटंच की. धर्मराजानेही अश्वत्थामा मेला एवढंच मोठ्याने सांगितलं होतं, हत्ती हळूच उच्चारला होता. त्याचा रथ त्या दिवशी जमिनीला टेकला." हे उदाहरण त्यांनी चांगलं काढलं आहे, म्हणून त्याच्या आत जाऊन पाहू. धर्मराजाच्या त्या वाक्याचा दोष शब्द कमी असण्यात नव्हता. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावं, म्हणजे ज्या निर्णयाला ते एरवी कधीच आले नसते तो त्यांनी घ्यावा, यासाठी तो हत्ती दडवला होता. ऐकणाऱ्याला चुकीच्या निर्णयाकडे नेणारं मौन ही फसवणूक आहे. आता तलाठी मॅडमचं मौन त्याच मापाने मोजा. 'पोटाचं ऑपरेशन, पंचेचाळीस दिवस' ऐकून सर्कलने जो बंदोबस्त केला, तोच त्यांनी सगळं कळल्यावरही केला असता. मग फसवणूक कुठे झाली? उलट ज्याला आपण निरुपद्रवी समजतो तो संदेश बघा: 'अंगात कणकण आहे, दोन-तीन दिवसांत येते.' मोठं दुखणं सांगायचा संकोच म्हणून लोक असं कळवतात आणि मग तीन दिवसांचे सहा, सहाचे पंधरा होतात. शेजारच्या सज्जाच्या तलाठ्याला रोज संध्याकाळी कळतं की उद्याही दोन्हीकडचे पंचनामे त्यालाच करायचे आहेत. इथे अवयवाचं नाव लपवलेलं नाही, कालावधी लपवला आहे, आणि खरं असत्य हे आहे. संकोचाने माणसं जे सांगायला हवं तेच गाळतात, आणि गाळलं हे झाकायला नको ते बोलून बसतात.

दुसरा आक्षेप संशयाचा. "पंचनाम्याच्या दिवसांतच कुणाकुणाचं पोट दुखायला लागतं, हे मी वीस वर्षं बघतोय. नीट सांगितलं नाही तर मी विश्वास कसा ठेवू?" हा त्यांचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणणार नाही. कामाच्या ऐन घाईत रजा टाकणारे असतात, आणि त्यांचा भार प्रामाणिक माणसावर पडतो. पण तपशील ऐकून संशय फिटतो ही समजूत मात्र तपासली की टिकत नाही. ज्याला बहाणा करायचा आहे तो तपशिलात कधी कमी पडत नाही. गोळ्यांची नावं, सोनोग्राफीचा आकार, डॉक्टर काय म्हणाले, सगळं तो रंगवून सांगतो. खरी आजारी बाई मात्र दोन वाक्यांत अडखळते. त्यामुळे बोलण्यातल्या बारकाव्यांवर विश्वास मोजणारा अधिकारी बहाणेबाजाला सोडतो आणि आजाऱ्याला पकडतो. नियमाने याची तोड दिलेली आहे. रजा मंजूर करणाऱ्याला प्रमाणपत्राबद्दल शंका असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांच्या दर्जाच्या सरकारी डॉक्टरांचं दुसरं मत मागवता येतं. या तरतुदीमागचं शहाणपण लक्षात घ्यावं. संशय घेण्याचा अधिकार वरिष्ठाकडे ठेवला आहे, पण आजार तपासण्याचा अधिकार डॉक्टरकडे दिला आहे. सर्कल साहेबांना शंका असेल तर त्यांनी ती लेखी वर कळवावी. चावडीत सगळ्यांदेखत "नक्की काय झालंय मॅडम?" असं विचारण्याने शंका तशीच राहते, बाईची मान तेवढी खाली जाते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो, कारण तो मायेतून येतो. "आमच्याकडे शहरासारखं नाही. माणूस आजारी पडला की आम्ही विचारतो, डबा पाठवतो, दवाखान्यात भेटायला जातो. काय झालंय हे सांगायचंच नाही, मग आपुलकी कसली?" भूम, परंडा, कळंब, वाशी या भागात हे खरंच आहे. सर्कल हे नुसते वरिष्ठ नसतात. ते बहुतेक वेळा कुणाचे तरी पाहुणे असतात, त्यांच्या घरातल्या वहिनी आणि तलाठी मॅडम तुळजापूरला बरोबर गेलेल्या असतात. ही माया मोडून काढावी असं मला वाटत नाही. पण एका माणसात दोन नाती असली, तरी ती एकाच फोनवर वापरायची नसतात. रजा मागताना बाई अधिकाऱ्याशी बोलते आहे. तिला हवं असेल तर ती संध्याकाळी वहिनींना फोन करून सगळं सांगेल, रडेल, सल्ला विचारेल. ते तिने निवडून दिलेलं असेल. अधिकाऱ्याच्या खुर्चीतून मागितलेला तपशील मात्र निवडीचा राहत नाही, कारण 'नाही' म्हणायची किंमत तिला ठाऊक असते: गोपनीय अहवाल याच हाताने लिहिला जातो. शिवाय आपुलकीने मागितलेली गोष्ट आपुलकीच्याच वाटेने पसरते. सर्कल काळजीने तहसीलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात, 'अमुक मॅडमचं गर्भाशयाचं ऑपरेशन आहे, सर्वांनी सहकार्य करावं', आणि त्या रात्री तालुक्यातल्या पन्नास घरांत तिच्या गर्भाशयाची चर्चा होते. हेतू वाईट कुणाचाच नव्हता. पण ती बातमी आता कुणालाच परत घेता येत नाही.

मग असे आजार आहेत का, की जिथे जास्त सांगायलाच हवं? आहेत, आणि माझी कसोटी तिथेही तेच सांगते. अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा, विचार करू. दोन गावांमध्ये दुचाकीवर फिरणाऱ्या तलाठ्याला फिट येत असतील, तर कामाची वाटणी बदलते, म्हणून वरिष्ठाला ते कळायला हवं. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यालाही कळायला हवं, नाही तर तो गडबडीत तोंडात चमचा घालेल किंवा चप्पल हुंगवत बसेल. खरं तर कुशीवर वळवून आजूबाजूच्या वस्तू बाजूला करायच्या असतात. फुफ्फुसाचा क्षयरोग असेल तर शेजारच्यांच्या धोक्याचा प्रश्न येतो. पण इथेही कायद्याने वाट कशी आखली आहे ते पाहण्यासारखं आहे. 2012 पासून क्षयरोग्याची नोंद सरकारला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कळवायचं आहे ते आरोग्य खात्याला, रुग्णाच्या साहेबाला नाही. योग्य औषधं सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि कामावर कधी यायचं हे डॉक्टर सांगतात. वरिष्ठाला हवी असते ती तारीख. तीच क्षयरोगाची वेगळी रजा मागितली तर नाव द्यावं लागेल, कारण तिथे नावाने निर्णय बदलतो.

न्यायालयानेही नेमकं हेच वेगळं काढलं आहे. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका रोजंदारी मजुराचं प्रकरण आलं. एका सरकारी महामंडळाने त्याला एचआयव्हीची लागण आहे एवढ्यावरून काम नाकारलं होतं. न्यायालय म्हणालं की माणूस काम करायला समर्थ आहे का आणि त्याच्यामुळे इतरांना खरोखर धोका आहे का, हे पाहा. दोन्हींची उत्तरं त्याच्या बाजूची असतील, तर केवळ आजाराच्या नावावरून त्याची रोजीरोटी काढून घेता येणार नाही. मालकाला विचारण्याजोगं काय आहे याची याहून नेमकी मांडणी मला सापडत नाही: सामर्थ्य आणि धोका. त्या निकालात मजूर 'एमएक्स' आहे आणि कंपनी 'झेडवाय' आहे. खऱ्या नावाशिवाय न्याय देता येतो हे न्यायालयाने स्वतः करून दाखवलं. पुढे एचआयव्हीपुरता यावर कायदाच झाला. 2017 चा तो कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि आपली लागण उघड करायला कुणालाही भाग पाडता येणार नाही हे त्याचं सर्वसाधारण तत्त्व आहे. गर्भाशयाच्या गाठींसाठी असा कायदा नाही. पण त्यामागचा विचार एका आजारापुरता नाही.

तोंडी सांगण्यात एवढी काळजी घेतली तरी एक वाट उघडी राहते, आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ती वाट कागदाची. मॅडमनी सर्कलना मोजकं सांगितलं, अर्जात मोजकं लिहिलं, पण प्रमाणपत्राच्या माथ्यावर 'स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ' छापलेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणाऱ्याची अडचण याहून मोठी, कारण तिथे नुसतं छापील नावच सगळं बोलून जातं. हा अर्ज आवक बारनिशीत चढतो, आस्थापना लिपिकाच्या टेबलावर जातो, तिथून वर जातो. सेवा पुस्तकात शेवटी रजेचा प्रकार आणि तारखा एवढंच उतरतं, पण तिथवर पोचेपर्यंत तो कागद चार-पाच जणांनी वाचलेला असतो. मग येते वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची फाइल. तिला डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, औषधांची बिलं, सगळं जोडावं लागतं, आणि ती पडताळणीसाठी जिल्हा शल्य चिकित्सकांकडे जाते. पैसे मंजूर करायचे तर उपचार कशावर केले हे कळायला हवं, त्यामुळे तिथे तपशील द्यावाच लागतो. पण तो डॉक्टरांनी वाचायचा आहे. टप्प्याटप्प्यावरच्या प्रत्येक टेबलाने तो उघडून पाहावा असं कोणतंही काम त्या टेबलांकडे नाही. कार्यालयांना बंद पाकीट ही गोष्ट नवी नाही. गोपनीय अहवाल वर्षानुवर्षं तसेच जात आले आहेत. अधिकाऱ्याचं मत जर बंद पाकिटातून जाऊ शकतं, तर कर्मचाऱ्याचं शरीर का नाही?

आता सगळ्यांत मोठा आक्षेप. तो सर्कलचा नाही. तो याच बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ट्रकमध्ये बसणाऱ्या ऊसतोड बाईचा आहे. ती म्हणेल, "तुमच्या बाईला पाकीट आहे, नियम आहे, पंचेचाळीस दिवस आहेत. माझं काय? मुकादमाला मी काय सांगू आणि काय नको?" तिच्या बाबतीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड लागतो. 2019 साली या प्रश्नावर बरंच लिहिलं गेलं तेव्हा हा दंड दिवसाला 500 रुपये सांगितला जात होता. त्याच वर्षी शेजारच्या बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली, आणि 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. या शस्त्रक्रियांमागे कारणं अनेक होती, खासगी दवाखान्यांचा नफा हेही त्यांतलं एक. पण पाळीच्या आणि अंगावरून जाण्याच्या त्रासात एक दिवससुद्धा घरी राहता न येणं, हेही ठळक कारण होतं. माझ्या कसोटीने या बाईकडे पाहिलं तर दिसतं ते भयंकर आहे. मुकादमाला तिने काहीही सांगितलं, सगळं सांगितलं, रक्ताचे डागही दाखवले, तरी त्याचा निर्णय बदलत नाही. खाडा तो खाडाच. तपशील मागितला जातो आणि त्याच्या बदल्यात काहीच मिळत नाही. म्हणून ती सांगणं सोडून देते, आणि ज्या अवयवामुळे रजा मागायची वेळ येते तो अवयवच काढून टाकते.

यावरून असं म्हणता येईल का, की आजार किती सांगावा हा प्रश्न पगारी माणसांची चैन आहे? मला उलटं वाटतं. या दोन बायकांमध्ये एकाच अवयवाचं दुखणं आहे, अंतर आहे ते रजेच्या हक्काचं. रजा हक्काची असते तिथे 'पोटाचं ऑपरेशन' एवढे दोन शब्द पुरतात. ती मेहेरबानी असते तिथे सगळं अंग उघडं करूनही पुरत नाही. म्हणून तलाठी मॅडमनी मोजकंच सांगणं हा तिचा एकटीचा संकोच उरत नाही. दोन शब्दांत रजा मिळते ही रीत ती जपते आहे, आणि जी रीत कचेरीतच मोडली ती फडात पोचण्याची आशा कशाला धरायची? त्याचबरोबर हेही खरं की मोजकं बोलण्याचा सल्ला ऊसतोड बाईला देणं निर्दयपणाचं होईल. तिला आधी हवा आहे तो खाड्यातून सुटलेला आजारपणाचा दिवस. तो मिळाला की काय सांगावं हे तिला शिकवायला कुणी लागणार नाही.

राहता राहिला तो फोनवरचा संदेश. ग्रुपवर टाकायचा नाही, सर्कलच्या खासगी नंबरवर पाठवायचा, आणि शक्यतो शस्त्रक्रियेच्या तारखेच्या आधी. मला तो असा दिसतो: "साहेब, माझी पोटाची मोठी शस्त्रक्रिया सोलापूरला ठरली आहे. डॉक्टरांनी पंचेचाळीस दिवस विश्रांती सांगितली आहे, प्रमाणपत्र अर्जाला जोडते. पहिले दोन आठवडे फोन घेता येणार नाही, नंतर चौकशीपुरता घेईन. राहिलेले पंचनामे आणि चालू फेरफार यांची गावनिहाय यादी व दप्तर कार्यभार घेणाऱ्यांकडे देते. हजर झाल्यावर महिनाभर दुचाकी चालवता येणार नाही, त्याप्रमाणे काम मिळावं ही विनंती." यात लपवलेलं काही नाही, आणि उघडं पडलेलंही काही नाही. सर्कलने पुन्हा विचारलंच, "पण नक्की कशाचं?", तर "डॉक्टरांनी लागेल तेवढं प्रमाणपत्रात लिहिलं आहे साहेब, काळजीचं कारण नाही" हे उत्तर पुरेसं आहे आणि उद्धटही नाही.

मात्र हे सगळं ओझं आजारी माणसावर टाकून थांबता येणार नाही. जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांच्या तहसीलदारांनी, गटविकास अधिकाऱ्यांनी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी एवढं करावं: वैद्यकीय प्रमाणपत्रं आणि प्रतिपूर्तीची कागदपत्रं बंद पाकिटात, वर 'गोपनीय' लिहून स्वीकारावीत, ती उघडणारं टेबल एकच ठेवावं, आणि रजेची कारणं ग्रुपवर टाकणं आजपासून बंद करावं. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही आणि खर्च पाकिटांपुरताच आहे.